फांदीवरचा आकडा आणि फांदीच्या टोकाचा आकडा

आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींनी मला मोबाइलवर फोटो पाठवला. खाली एकच ओळ : "बाई, तुम्ही गणिताच्या. हे काय आहे ते खरं खरं सांगा." मी शाळेत ३१ वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे सोसायटीच्या मेंटेनन्सच्या हिशेबापासून ते कुणाच्या कर्जाच्या हप्त्यापर्यंत सगळं माझ्याकडे येतं. पण हा फोटो वेगळा होता. डॉक्टरांच्या पॅडचा कागद, त्यावर बॉलपेननं काढलेलं एक आडवं झाड. डावीकडे एक टिंब, त्यातून निघालेल्या दोन रेघा, त्या रेघांच्या टोकांतून आणखी रेघा, प्रत्येक रेघेवर एक अपूर्णांक. आणि त्यातला एक आकडा कुणीतरी लाल पेनानं दोनदा गोल केलेला : २/३.

आधी घरची गोष्ट सांगायला हवी. वहिनींना दोन मुलं. मोठी मुलगी, धडधाकट, नोकरी करणारी. धाकट्या मुलाला थॅलेसेमिया मेजर. त्याला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, रक्तातून साठत जाणारं लोह बाहेर काढायला रोजच्या रोज औषध घ्यावं लागतं. तो कॉलेजला जातो, क्रिकेट खेळतो, पण त्याच्या आईनं वीस वर्षं कॅलेंडरवर रक्ताच्या तारखा लिहिल्यात. आता मुलीचं लग्न ठरत होतं. वहिनींनी मुलाकडच्यांना सगळं आधीच सांगून टाकलं, काही झाकलं नाही. मुलाची आत्या जरा पुढाकार घेणारी. ती ओळखीच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. डॉक्टरांनी तिला समजावून सांगताना हे झाड काढलं. आत्यानं त्याचा फोटो काढला, आकडा गोल केला आणि वहिनींना पाठवला : "तीनातली दोन मुलं आजारी होणार असतील तर विचार करावा लागेल."

म्हणजे एका फोटोवर सोयरीक अडली होती.

मी वहिनींना म्हटलं, या माझ्याकडे, चहा घेऊ आणि हा कागद नीट वाचू. कारण अशी आकृती वाचायची एक रीत असते. शाळेत ती पत्ते, फासे नाहीतर पिशवीतले रंगीत चेंडू घेऊन शिकवतात, आणि मुलं परीक्षेनंतर ती विसरतात. पिशवीतून लाल चेंडू निघाला काय न् निळा निघाला काय, कुणाचं काय बिघडतं?

आजाराबद्दल दोनच गोष्टी माहीत असल्या की पुरे. या आजाराशी संबंध असलेल्या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. दोन्ही चांगल्या असतील तर प्रश्न नाही. एक चांगली आणि एक बिघडलेली असेल तर त्याला थॅलेसेमिया मायनर म्हणतात. असा माणूस नुसता वाहक असतो. हिमोग्लोबिन जरा कमी असतं इतकंच, बाकी तो तुमच्याआमच्यासारखाच जगतो, आणि बहुतेकांना आपण मायनर आहोत हे ठाऊकही नसतं. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर मेजर. तेव्हा मेजर मूल व्हायचं तर आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलीच प्रत यायला हवी. एकट्या आईकडून किंवा एकट्या वडिलांकडून आलेली पुरत नाही.

आता झाड. मी फोटो बोटांनी मोठा केला. डावीकडच्या टिंबातून दोन फांद्या. वरचीवर लिहिलं होतं 'मुलगी मायनर' आणि २/३, खालचीवर 'मुलगी नॉर्मल' आणि १/३. वरच्या फांदीच्या टोकातून पुन्हा दोन फांद्या, या मुलाच्या. एकीवर 'मुलगा मायनर', दुसरीवर 'मुलगा नॉर्मल'. आणि 'मुलगा मायनर'च्या टोकातून शेवटच्या दोन, बाळाच्या. 'बाळ मेजर' १/४, 'मेजर नाही' ३/४. बाकीच्या फांद्या डॉक्टरांनी पुढे वाढवल्याच नव्हत्या, नुसती फुली मारली होती. त्याच्या उजवीकडे काहीतरी लिहिलेलं असणार, पण आत्यानं फोटो घाईत काढलेला, कागदाची उजवी कड फोटोतून निसटली होती. आणि मधल्या फांदीवर, नेमकी 'मुलगा मायनर' लिहिलेल्या जागी, फ्लॅशचा पांढरा डाग पडला होता. तिथं १/२ एवढंच दिसत होतं.

"अर्धा," वहिनी म्हणाल्या. "मुलगाही अर्धा मायनर?"

म्हटलं थांबा. फोटोतला आकडा डोळ्यांनी वाचायचा आणि मग त्याची उलटतपासणी घ्यायची. झाडाच्या आकृतीत हे फार सोपं असतं, कारण एका टिंबातून जितक्या फांद्या निघतात त्यांच्यावरच्या आकड्यांची बेरीज नेहमी बरोबर १ यायला हवी. मुलगी एकतर मायनर असणार, नाहीतर नॉर्मल. तिसरं काही नाही (ती मेजर नाही हे तिच्याकडे बघूनच कळतं). म्हणून २/३ अधिक १/३, बरोबर १. बाळाच्या टिंबापाशी १/४ अधिक ३/४, बरोबर १. आता मुलाचं टिंब. वरच्या फांदीवर डाग, पण खालची फांदी स्वच्छ दिसत होती, तिच्यावर २४/२५ लिहिलं होतं. २४/२५ म्हणजे जवळजवळ पूर्ण एक. त्यात अर्धा मिळवला तर बेरीज एकाच्या पुष्कळ पुढे जाते. तेव्हा वर १/२ असूच शकत नाही. तिथं १/२५ आहे, आणि ५ चा आकडा फ्लॅशच्या डागाखाली गेलाय. वहिनींनी लगेच आत्याला फोन करून मूळ कागद बघायला लावला. १/२५ च होतं.

एवढ्याशा डागानं केवढा फरक पडतो ते पुढे दिसेलच. आणखी एक सांगते. असे फोटो येतात तेव्हा इंग्रजी आणि मराठी आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. आपला १ घाईत लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो, आपला ४ इंग्रजी आठासारखा. कुणी डॉक्टरांचा कागद बघून घरी मराठीत उतरवून घेतला असेल तर १/४ चा १/८ सहज होतो. अशा वेळी फांद्यांची बेरीज हाच पंच.

आता लाल गोलातले २/३. हा आकडा कुणाचा आहे? आत्यानं तो बाळाचा समजला. पण तो पहिल्याच फांदीवर आहे, मुळाजवळ, आणि त्या फांदीचं नाव आहे 'मुलगी मायनर'. तो मुलीबद्दल बोलतोय, बाळ तर अजून दोन टिंबं पुढे आहे. झाडात फांदीवरचा आकडा फक्त त्या एका फांदीपुरता असतो. 'या टिंबापर्यंत आलो असू, तर इथून या वाटेनं जाण्याची शक्यता किती' एवढंच तो सांगतो. शेवटाला काय होईल ते सांगणारा आकडा फांदीच्या टोकापलीकडे, उजव्या कडेला लिहितात. आणि आत्याच्या फोटोत उजवी कडच नव्हती.

"पण दोन तृतीयांश तरी कुठून आले?" वहिनींचा प्रश्न रास्त होता. त्या नेहमी ऐकत आल्या होत्या की दोघं मायनर असले की चारांतलं एक मूल मेजर, दोन मायनर, एक नॉर्मल. मग मुलगी मायनर असण्याची शक्यता चारांत दोन, म्हणजे निम्मी व्हायला हवी.

इथं मी त्यांच्यासमोर कागदावर एक छोटं झाड काढलं. आईकडून चांगली प्रत किंवा बिघडलेली, शक्यता निम्मी-निम्मी. त्या प्रत्येकापुढे वडिलांकडून चांगली किंवा बिघडलेली, पुन्हा निम्मी-निम्मी. एकूण चार टोकं, चारही सारख्याच शक्यतेची. चांगली-चांगली : नॉर्मल. चांगली-बिघडलेली : मायनर. बिघडलेली-चांगली : मायनर. बिघडलेली-बिघडलेली : मेजर. मूल पोटात असताना ही चारही टोकं उघडी असतात. पण वहिनींची मुलगी आता मोठी झालीये. मेजर असती तर पहिल्या दोन वर्षांतच कळलं असतं, धाकट्याचं तसंच कळलं होतं. म्हणून चौथं टोक मी पेननं खोडलं. उरली तीन, आणि त्या तिनांत दोन मायनर. २/३. जे घडलं नाही हे आपल्याला नक्की ठाऊक आहे ते झाडातून खोडायचं, आणि उरलेल्यांनाच पूर्ण एक धरायचं.

वहिनी बराच वेळ त्या खोडलेल्या टोकाकडे बघत राहिल्या. "म्हणजे धाकटा त्या टोकावर," म्हणाल्या. मी काही बोलले नाही. चहा गरम करून आणला.

मग मूळ झाडाकडे आलो. बाळ मेजर व्हायला एकच वाट आहे. मुलगी मायनर, *आणि* मुलगा मायनर, *आणि* बाळाला दोघांकडून बिघडलेली प्रत. दोन 'आणि'. एका वाटेवरून सरळ जाताना 'आणि' आला की गुणाकार करायचा. २/३ गुणिले १/२५ गुणिले १/४. अंशांचा गुणाकार २, छेदांचा ३००. दोन तीनशांश, म्हणजे १/१५०.

गुणाकारच का, बेरीज का नाही, हे मी वर्गात दरवर्षी विचारायचे आणि दरवर्षी वर्ग गप्प बसायचा. म्हणून वहिनींना अपूर्णांक सोडून माणसं मोजायला लावली. समजा, वहिनींच्या मुलीसारख्या १५० मुली आहेत, प्रत्येकीच्या भावाला मेजर, आणि प्रत्येकीचं लग्न ठरलंय. या १५० पैकी दोन तृतीयांश मायनर, म्हणजे १०० मुली. उरलेल्या ५० नॉर्मल, त्यांच्या पोटी मेजर मूल होण्याचा प्रश्नच नाही. त्या १०० जणींच्या नवऱ्यांत पंचविसांत एक मायनर, म्हणजे ४ नवरे. बाकीच्या ९६ घरांतही मेजर मूल होणार नाही. राहिली ४ जोडपी. त्यांच्या पहिल्या बाळांत चारांत एक मेजर, म्हणजे १ बाळ. १५० पासून निघालो, १०० वर आलो, मग ४ वर, मग १ वर. दर फाट्यावर गर्दी पातळ होत जाते. 'चा भाग, त्याचा भाग, त्याचा भाग' असंच चाललंय, म्हणून गुणाकार.

यातून एक खूण हाती लागते. वाटेनं जसजसं उजवीकडे जाऊ तसतसा आकडा लहानच होत जायला हवा, फार तर तेवढाच राहील. मोठा कधीच होणार नाही. कुणी या तीन आकड्यांची बेरीज केली तर ०.९६ च्या आसपास येते, म्हणजे शंभरात शहाण्णव बाळं आजारी! उत्तर पहिल्या फांदीपेक्षा मोठं आलं की समजायचं, गुणायच्या जागी मिळवलंय. आणि फ्लॅशच्या डागामुळे १/२ वाचून गुणाकार केला असता तर आलं असतं १/१२. हे उत्तर दिसायला शहाणं आहे, लहान आहे, कुणाला शंकाही आली नसती, आणि खऱ्याच्या बारापटीहून जास्त असतं. म्हणूनच फांद्यांची बेरीज आधी बघायची, गुणाकार नंतर.

बेरीज कधी करायची? एकाच शेवटाला पोचायच्या वाटा एकापेक्षा जास्त असल्या की. संध्याकाळी फोनवर आत्यानं नेमकं तेच विचारलं. वहिनींनी स्पीकर चालू केला होता. "बरं, मेजर नाही. पण बाळ मायनर निघायची शक्यता किती?" डॉक्टरांनी फुल्या मारलेल्या फांद्या आता लागणार होत्या, कारण मायनर मूल होण्याच्या वाटा तीन आहेत. पुन्हा आपल्या १५० घरांत चला. चार घरांत दोघंही मायनर, तिथं निम्मी बाळं मायनर : २. शहाण्णव घरांत फक्त आई मायनर, तिथंही निम्मी : ४८. आणि ज्या ५० मुली नॉर्मल आहेत त्यांच्यातही दोघींचे नवरे मायनर निघणार, तिथं निम्मी : १. एकूण ५१. प्रत्येक वाट स्वतंत्र गुणून घ्यायची आणि मग टोकांची बेरीज. १५० पैकी ५१, साधारण तिनांत एक. मेजर १, मायनर ५१, राहिलेली ९८ नॉर्मल, एकूण १५०. सगळ्या टोकांची बेरीज पुन्हा पूर्ण भरली, म्हणजे कुठली वाट निसटलेली नाही.

"तिनांत एक म्हणजे तुम्ही म्हणता तेच झालं की," आत्या म्हणाली. झालं नाही. तिनांत एक मायनर, आणि मायनर म्हणजे आजारी नव्हे. वहिनी स्वतः मायनर आहेत, आणि तीन जिने चढून माझ्याकडे येतात ते माझ्यापेक्षा जोरात.

एक गोष्ट मात्र मी दोघींपासून लपवली नाही. १/१५० लहान असला तरी सर्वसाधारण जोडप्याएवढा तो नाही. घरात थॅलेसेमिया नसलेल्या कुठल्याही दोघांचं झाड काढलं तर पहिल्या फांदीवरही १/२५ येईल, आणि १/२५ गुणिले १/२५ गुणिले १/४ म्हणजे २५०० त १. वहिनींच्या मुलीसाठी तो धोका त्याच्या सोळा-सतरापट आहे. आत्याची काळजी खोटी नव्हती. तिनं वाचलेला आकडा तेवढा चुकीच्या फांदीवरचा होता.

आणि तो १/२५ तरी कुठून आला? तो मोजलेला नाही, धरलेला आहे. आपल्या देशात शंभरात साधारण तीन-चार माणसं थॅलेसेमियाची वाहक आहेत असं मानलं जातं, त्यावरून डॉक्टरांनी शंभरात चार धरले. पण सगळ्या समाजांत प्रमाण सारखं नाही. सिंधी, पंजाबी, गुजराती, बंगाली अशा काही समाजांत ते सरासरीपेक्षा बरंच जास्त आढळतं. मुलगा अशा समाजातला असेल तर मधल्या फांदीवर १/२५ च्या जागी मोठा आकडा येईल, आणि गुणाकाराचं उत्तर त्याच पटीत वाढेल. शिवाय 'मुलगा नॉर्मल' या फांदीवर फुली मारताना डॉक्टरांनी गृहीत धरलंय की त्याच्याकडे सिकलसेलचाही बिघाड नाही. एका पालकाकडून थॅलेसेमियाची प्रत आणि दुसऱ्याकडून सिकलसेलची आली तरी बाळ आजारी होऊ शकतं. विदर्भातल्या, नंदुरबारकडच्या वाचक मैत्रिणींना सिकलसेल म्हणजे काय ते सांगायला नको. त्यांच्याकडे या झाडाला मधल्या टिंबातून तिसरी फांदी काढावी लागेल.

मी आत्याला म्हटलं, ताई, हे सगळं झाड तुम्हाला काहीच माहीत नसताना काढायचं झाड आहे. माहीत करून घ्यायला एक रक्ततपासणी पुरते. तिला एचपीएलसी म्हणतात, तीत हिमोग्लोबिन ए-टू नावाच्या प्रकाराचं प्रमाण बघतात. ते साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर असलं की माणूस मायनर असल्याचं डॉक्टर सांगतात. सिकलसेलही त्याच तपासणीत दिसतो. एक मेख आहे, अंगात लोह फार कमी असेल तर ए-टू खाली येऊन मायनर लपू शकतो, आणि आपल्याकडे मुलींच्या अंगात लोह कमी असणं काही नवीन नाही. म्हणून सीमेवरचा रिपोर्ट आला तर डॉक्टर आधी लोह तपासतात, गरज पडली तर जनुकाची तपासणी सांगतात.

मुलीचा रिपोर्ट आधी आला. मायनर. वहिनींच्या घरी सुतक पडल्यासारखं झालं. आत्याचा पुन्हा फोन. मी झाड पुन्हा काढलं. पहिल्या टिंबातून आता एकच फांदी, तिच्यावर २/३ च्या जागी पूर्ण १. बाकीचं तसंच. १ गुणिले १/२५ गुणिले १/४ म्हणजे १/१००. दीडशेत एक होतं ते शंभरात एक झालं, एवढंच. मुलीच्या रिपोर्टनं आभाळ कोसळलं असं सगळ्यांना वाटत होतं, आणि झाडात छेद १५० वरून १०० वर आला होता. खरा निकाल दुसऱ्या टिंबापाशी होता. तिथं मुलगा मायनर निघाला असता तर शेवटचा आकडा एकदम १/४ झाला असता, आणि तोही दर गरोदरपणाला नव्यानं. पहिलं बाळ मेजर झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं, प्रत्येक बाळासाठी झाड त्याच टिंबापासून सुरू होतं. तशीही जोडपी असतात. त्यांच्यासाठी गरोदरपणात, साधारण अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात, वारेचा अगदी छोटा अंश घेऊन बाळाची तपासणी करता येते, आणि पुढचं काय ते ती दोघं डॉक्टरांशी बोलून ठरवतात.

चार दिवसांनी मुलाचा रिपोर्ट आला. नॉर्मल, सिकलसेलही नाही, लोह व्यवस्थित. वरची फांदी गळाली. कुठलीही संख्या शून्यानं गुणली की काय येतं ते सांगायला गणिताची बाई लागत नाही. बाळ मायनर होण्याची शक्यता आता निम्मी, मेजरची नाहीच म्हणावी इतकी. आत्यानं स्वतः फोन करून मुहूर्ताचं विचारलं.

या सगळ्यात वहिनींच्या नणंदेनं एक बोलून दाखवलं होतं, ते मला जास्त खटकलं. "बाहेर कुठं या चौकशा आणि रिपोर्ट! त्यापेक्षा मामाचाच मुलगा होता की घरात. आपल्या माणसांना सगळं ठाऊक असतं." आपल्याकडे मामे-आते भावंडांत लग्न काही नवलाचं नाही, पुष्कळ घरांत ते आधी विचारलं जातं. पण त्या घरातलं झाड काढून बघा. वहिनी मायनर आहेत हे नक्की, त्यांचा मुलगा मेजर आहे ना. मग त्यांच्या आई किंवा वडिलांपैकी कुणीतरी एक तरी मायनर असणारच. ती बिघडलेली प्रत वहिनींच्या भावाकडे, म्हणजे मुलीच्या मामाकडे, असण्याची शक्यता निम्मी. मामाकडून ती त्याच्या मुलाकडे जाण्याची शक्यता पुन्हा निम्मी. निम्म्याची निम्मी, १/४. म्हणजे मधल्या फांदीवर आता बाहेरच्या मुलाचा १/२५ लिहून चालणार नाही, तिथं १/४ लिहावा लागतो. मामी मायनर असेल तर त्याहूनही जास्त. मुलीच्या तपासणीआधीचा गुणाकार करा : २/३ गुणिले १/४ गुणिले १/४, म्हणजे १/२४. तिचा रिपोर्ट मायनर आल्यावर तोच १/१६. बाहेरच्या मुलाच्या बाबतीत हेच आकडे १/१५० आणि १/१०० होते.

नणंदबाईंना मी हे कागदावर काढून दिलं. त्यांनी त्याचा फोटो काढला, या वेळी उजवी कड धरून, आणि भावाला पाठवला. मामाच्या दोन्ही मुलांची लग्नं व्हायची आहेत, आणि त्यांची एचपीएलसी अजून झालेली नाही.